कीटोनची पट्टी फिकट, तरी रक्तात २.४! असं का होतं?

नमस्कार. गेल्या जुलैतली एक रात्र सांगते. माझ्या मुलाला टाइप १ मधुमेह आहे. रात्री एक वाजता अंग तापलेलं, साखर ३१०. बाहेर कोथरूडमध्ये धो धो पाऊस. इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळायला लागलं की कीटोन नावाचे आम्लधर्मी पदार्थ साठतात, ते तपासायला मी लघवीची पट्टी काढली.

स्वच्छ वाटीत लघवी घेतली, पट्टीचं टोक बुडवून लगेच काढलं, कडेला टेकवून जादा थेंब निथळू दिला आणि सेकंद मोजले. माझ्या डबीवर १५ सेकंद लिहिलेत. काही पट्ट्यांना जास्त वेळ लागतो, म्हणून तुमच्या डबीवरचंच वाचा. वेळ टळली की रंग गडद होत जातो. आणि रंग जुळवताना पट्टी तक्त्याला अगदी खेटून धरा, पांढऱ्या उजेडात. पिवळ्या बल्बखाली बदामी आणि फिकट गुलाबी सारखेच दिसतात.

रंग आला फिकट गुलाबी. तक्त्यावर ‘स्मॉल’. मला हायसं वाटलं. तरी रक्तातले कीटोन मोजणारा मीटर घरात होता म्हणून बोटाला टोचलं, तर रक्तात २.४! एरवी हा आकडा ०.६ च्या आत असतो.

झालं असं, की कीटोन एकाच प्रकारचे नसतात. पट्टीला रंग येतो तो अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेटमुळे. पण इन्सुलिन कमी पडलं की सगळ्यात जास्त वाढतं बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट, आणि ते पट्टीला दिसतच नाही. रक्ताचा मीटर नेमकं तेच मोजतो. शिवाय लघवी कित्येक तासांची साठलेली असते, म्हणजे पट्टी मागची गोष्ट सांगते.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सांगितलं तेवढं जादा इन्सुलिन दिलं, घोटघोट पाणी पाजत राहिले. पहाटे चारला पट्टी गडद जांभळी, थेट ‘लार्ज’! माझे हात थरथरायला लागले. मीटर मात्र १.१. इन्सुलिन लागू पडलं की त्या न दिसणाऱ्या कीटोनचं अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट होतं, म्हणून पोर बरं होत असताना पट्टी गडद होऊ शकते. त्या रंगावर विसंबून मी आणखी इन्सुलिन टोचलं असतं, तर साखर धाडकन खाली आली असती.

मीटरच्या कीटोन पट्ट्या महाग पडतात, साखरेच्या पट्टीवर हे मोजता येत नाही, त्यामुळे लघवीची डबी मीही ठेवते. पण झाकण लगेच घट्ट लावते आणि उघडल्याची तारीख पेनाने लिहिते. पावसाळ्यात दमट हवा शिरलेल्या पट्ट्या कीटोन असूनही कोऱ्या राहू शकतात.

मीटर नसेल आणि पट्टी ‘मॉडरेट’ किंवा ‘लार्ज’ दाखवत असेल, तर लगेच डॉक्टरांना फोन. रक्तात ३ च्या वर गेलं, किंवा उलट्या थांबत नाहीत, पोट दुखतंय, श्वास खोल आणि जोरात चाललाय, तर पट्टी कितीही फिकट असो, मूल उचलायचं आणि इमर्जन्सी गाठायची.