पेढा तुझा, अर्धा माझा

मंडळी, आज मी हास्यक्लबात म्हणायच्या ओळींबद्दल बोलणार आहे, म्हणजे पुढे उभा असलेला एकजण ओळ म्हणतो, मागून सगळे टाळी वाजवत "हो हो, हा हा हा" करतात, त्या ओळी. मैत्रीच्या, आनंदाच्या, आणि वयाचा उल्लेख नसलेल्या.

आधी एक जुनी गोष्ट सांगतो कारण तिचा इथे संबंध आहे. 13 मार्च 1995 ला मुंबईत डॉ. मदन कटारियांनी बागेत पाच जणांना घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला, तेव्हा तिथे जोक सांगायचे. साधारण दोन आठवड्यांत चांगले जोक संपले, उरले ते कुणाला तरी लागणारे, आणि लोक म्हणाले बंद करूया का हे. मग जोकशिवाय हसायचं ठरलं. मी ओळी लिहायला बसतो तेव्हा हे डोक्यात ठेवतो, आपली ओळ म्हणजे जोक नाही, तिच्यात कुणावर हसायचं नसतं, ती फक्त हसण्याला दार उघडून देते.

आता वयाचं. आपल्या एका सभासदाच्या वाढदिवसाला मी पहिली ओळ लिहिली होती, "वय म्हणजे नुसता आकडा, मनाने आम्ही तरुण". घरी छान वाटली, पण बागेत म्हटल्यावर काय झालं, हसायच्या आधीच दोघातिघांनी विचारलं, किती पूर्ण झाली हो? आणि मग गुडघे, बीपी, कुणाचं ऑपरेशन कधी, गाडी तिकडेच गेली. वय नाकारलं तरी वयाचं नाव निघतंच ना. म्हणून आता मी "वय" तर काढतोच पण "तरुण", "सेकंड इनिंग" हेही काढतो, आणि सगळ्यात लबाड शब्द म्हणजे "अजून". "अजून दम आहे" म्हटलं की न बोललेलं अर्धं वाक्य सगळ्यांना ऐकू येतंच.

मग त्या जागी काय घालायचं? डोळ्यासमोर काय घडतंय ते बघायचं. त्या दिवशी पेढ्यांचा बॉक्स फिरत होता आणि आमचे दोन मित्र एकच पेढा मोडून खात होते, एकाने मोठा तुकडा दुसऱ्याच्या हातावर ठेवला, कागदाला चिकटलेला चुरासुद्धा वाटून घेतला. तिथेच ओळ मिळाली:

पेढा तुझा, अर्धा माझा
हिशोब कसला राजा!

अक्षरं मोजून बघा, दोन्हीकडे आठ-आठ. आपल्या जात्यावरच्या ओव्या, अभंग ऐकत मोठे झालेल्या कानांना आठ अक्षरांचा ठेका शिकवावा लागत नाही. शिवाय दोन्ही ओळी एका श्वासात होतात आणि हसायला हवा शिल्लक राहते. ओळ लांब झाली की कळतंच, मागच्या रांगेतल्या टाळ्या विस्कटतात, पुढचे "हा हा" करतात तेव्हा मागचे शब्दातच असतात.

शेवटही बघा, "राजा" म्हणताना तोंड उघडंच राहतं, तिथून "हो हो, हा हा हा" मध्ये सरळ जाता येतं. मी एकदा लिहिलं होतं, "काल तू नव्हता गड्या, चहा झाला नाही गोड". अर्थ चांगला, पण "गोड" वर आवाज तुटतो, पुन्हा तोंड उघडून सुरुवात करावी लागते. फिरवून असं केलं:

काल तू नव्हता गड्या
गोड लागेना चहा रे!

बायकांच्या गटात "काल तू नव्हती बाई, गोड लागेना चहा गं". आठच अक्षरं, चाल तीच. आणि काहीच सुचलं नाही तर "तुझी टाळी, माझी टाळी, दोन्ही मिळून दिवाळी" आहेच, तिला कुठलाच प्रसंग लागत नाही.

ओळीत नाव घालायचं असेल तर त्या माणसाला आधी विचारायचं, आणि नुकतंच पोटाचं ऑपरेशन झालेल्यांनी किंवा हर्निया असलेल्यांनी फक्त टाळी द्यायची, जोर लावून हसायचं नाही, हे पुढे उभं राहणाऱ्याने रोज सांगायलाच हवं.

चहाची ओळ मात्र रोज वापरू नका. ती ठेवायची बरेच दिवस न आलेला कुणी परत येईल त्या सकाळसाठी. "कुठे होतात, काय झालं होतं" विचारायचं नाही, गोलात त्याची नेहमीची जागा मोकळी ठेवायची, तो तिथे उभा राहिला की सगळ्यांनी मिळून ओळ म्हणायची आणि थांबायचं, टाळी नाही, काही नाही. पहिलं "हो हो" त्याचं येऊ द्यायचं.