भूप की देसकार? एका गाण्याच्या हाताला धरून पुस्तकांकडे

मंडळी, दादर-पार्ल्याकडच्या व्याख्यानांनंतर मला हमखास विचारतात, "आम्ही सिनेमाची गाणी ऐकणारी माणसं. शास्त्रीय समजायला कुठलं पुस्तक घेऊ?" बहुतेकांच्या हाती आधी पडतं ते याद्यांचं पुस्तक: अमुक गाणं, तमुक राग. त्याने फार तर कोडं सुटल्याचा आनंद मिळतो, पण ऐकणं पुढे सरकत नाही. का, ते एकाच गाण्यावरून सांगतो.

'ज्योति कलश छलके'. चित्रपट 'भाभी की चूड़ियाँ', 1961, संगीत सुधीर फडके, गायिका लताबाई. एका यादीत या गाण्यापुढे भूप लिहिलेला सापडेल, दुसऱ्या यादीत देसकार. वाचकाला वाटतं, कुणीतरी चुकलंय. तेव्हा तो पंडित भातखंड्यांकडे जातो. हे वाळकेश्वरचे, पेशाने वकील. त्यांच्या 'क्रमिक पुस्तक मालिके'चे सहा भाग आहेत. दोन्ही रागांची पानं काढून पाहिली तर दोन्हीकडे तेच पाच स्वर, सा रे ग प ध. मध्यम-निषाद दोन्हींत वर्ज्य. आता गोंधळ वाढला!

इथे बहुतेक जण पुस्तक मिटतात. माझं म्हणणं, आरोह-अवरोहाची ओळ सोडा आणि तिच्याखाली पाहा. भूपात वादी, म्हणजे रागातला मुख्य स्वर, ग; आणि संवादी, म्हणजे त्याच्या खालोखाल महत्त्वाचा स्वर, ध. देसकारात नेमकं उलट, वादी ध, संवादी ग. भूप कल्याण थाटातला, म्हणजे रागांच्या त्या गटातला, आणि रात्रीच्या पहिल्या प्रहराचा. देसकार बिलावल थाटातला, सकाळचा. आणि त्याहून महत्त्वाची ती पकड, म्हणजे रागाची ओळख पटवणारा छोटा स्वरसमूह. भूप खालच्या धैवतावरून 'सा रे ग' असा गंधारावर येऊन विसावतो. देसकार 'ध, प, गप, गरेसा' असा वरून, धैवतापासून बोलायला लागतो, आणि त्यातला रिषभ दुबळा असतो.

घरी पेटी असेल तर करून पाहा. काळी तीनचा सा धरा, मग फक्त काळ्या पट्ट्यांवरच बोट ठेवा. हे पाच स्वर आपोआप मिळतात. काळी पाच हा गंधार आणि त्यापुढच्या सप्तकातली काळी दोन हा धैवत. आधी गंधारावर थांबत दोन मिनिटं फिरा, मग धैवतावर थांबत. पट्ट्या त्याच, पण रंग बदलतो. आता 'ज्योति कलश' पुन्हा लावा आणि एवढंच ऐका, की ओळ कुठे टेकते, खाली ग-वर की वर ध-वर? सबंध गाण्याला एकच उत्तर असेल असं मात्र धरू नका. चित्रपटाचा संगीतकार रागाची शपथ घेऊन बसलेला नसतो, त्याला शब्द आणि प्रसंग सांभाळायचा असतो. दोन यादीकारांत मतभेद होतो तो बहुधा यामुळे, दोघांनी गाण्याच्या वेगवेगळ्या ओळींवर कान ठेवलेला असतो.

भातखंड्यांच्या पुस्तकाची एक अडचण आहे. कागदावरचा गंधार गप्प असतो, स्वरलिपीत बिंदू-रेघा कळतात, पण मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अलगद घसरत जाणं, कानाला कसं लागतं ते कळत नाही. म्हणून इंग्रजी चालत असेल तर योप बोर यांचं 'द रागा गाइड' (1999) सोबत ठेवा. त्यात 74 राग आहेत आणि चार सीडी. श्रुती सडोलीकर, विद्याधर व्यास, हरिप्रसाद चौरसिया, बुद्धदेव दासगुप्ता यांनी प्रत्येक राग काही मिनिटांतच मांडलाय, म्हणजे साधारण चित्रपटगीताएवढ्या वेळात. आपल्या कानांना हे माप सवयीचं आहे. भूप आणि देसकार लागोपाठ ऐका, पुस्तकातली पकड समोर ठेवून.

त्यानंतर, आणि त्यानंतरच, वामनराव देशपांड्यांचं 'घरंदाज गायकी' उघडा. 1961 चंच. अनेक जण हेच पहिलं घेतात आणि दमतात, कारण वामनराव धरून चालतात की तुम्ही हे गवई ऐकलेले आहेत. त्यांचा धागा तसा सोपा आहे: स्वर एका टोकाला, लय दुसऱ्या टोकाला, आणि घराणी या दोहोंच्या मध्ये कुठे उभी आहेत ते पाहायचं. किराणा स्वराकडे झुकतो, आग्रा लयीकडे, जयपूर दोहोंचा तोल साधतो. तेव्हा वाचण्याआधी जयपूर घराण्याच्या किशोरीताई आमोणकरांचा भूप ऐका, 'सहेला रे'. मग 'जयपूर'वरचं प्रकरण वाचा, सबंध पुस्तक नको. त्यातला तोल तुमच्या कानाला पटतो का ते पाहा. नाही पटला तर वामनरावांशी खुशाल वाद घाला. घराण्यांवरचं ते त्यांचं मत आहे, रागाच्या वादी-संवादीसारखा पाठ करायचा नियम नव्हे.