छाप्यांचं प्रमाण स्थिरावतं, फरक मात्र वाढत जातो

मंडळी, आज मी एकाच नाण्याबद्दल बोलणार आहे. हे नाणं दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डेन्मार्कमधल्या एका नजरकैदेच्या छावणीत दहा हजार वेळा फेकलं गेलं.

जॉन केरिच हे दक्षिण आफ्रिकेत, जोहान्सबर्गच्या विटवॉटर्सरँड विद्यापीठात गणित शिकवत. १९४० च्या एप्रिलमध्ये ते सासरच्या मंडळींना भेटायला कोपनहेगनला गेले होते. ९ एप्रिलला जर्मन सैन्य डेन्मार्कमध्ये शिरलं आणि केरिच तिथेच अडकले. ब्रिटिश नागरिक म्हणून त्यांना जटलंडमधल्या हाल्ड इथल्या छावणीत ठेवण्यात आलं. हाताशी वेळ होता, सोबतीला एरिक ख्रिस्टेन्सन नावाचे दुसरे एक स्थानबद्ध होते. दोघांनी मिळून नाणं फेकायला घेतलं आणि प्रत्येक फेकीचा निकाल नोंदवला. त्या नोंदी पुढे १९४६ मध्ये पुस्तकरूपाने छापल्या गेल्या, म्हणून आज आपल्याला त्या जशाच्या तशा पाहता येतात.

त्यातल्या दोनच ओळी आधी बघू. पहिल्या १०० फेकींत ४४ छापे आले आणि ५६ काटे. म्हणजे छाप्यांचं प्रमाण ४४ टक्के, आणि छापा-काटा यांच्या संख्येत फरक १२ चा. आता शेवटची ओळ. १०,००० फेकींत ५,०६७ छापे, ४,९३३ काटे. प्रमाण ५०.६७ टक्के, फरक १३४ चा.

प्रमाण निम्म्यापासून सहा टक्के दूर होतं, ते पाऊण टक्क्याच्याही आत आलं. आणि त्याच वेळी फरक १२ वरून १३४ वर गेला. दोन्ही गोष्टी त्याच नाण्याच्या, त्याच नोंदवहीतल्या. बहुतेकांना यातली पहिली ठाऊक असते, आणि तिच्यावरून ते दुसरीबद्दल नेमका उलटा निष्कर्ष काढतात: प्रमाण निम्म्यावर येतंय, त्या अर्थी छापे आणि काटे एकमेकांना गाठत असणार. लागोपाठ छापे पडले की पुढचा डाव काट्यावर लावणारा माणूस हेच गृहीत धरतो. ही समजूत कुठे चुकते ते मला आज सावकाश दाखवायचं आहे, कारण फेकी वाढत गेल्या की प्रमाण निम्म्यावर स्थिरावतं असं सांगणाऱ्या मोठ्या संख्यांच्या नियमाचा गाभाच तिथे आहे.

समजा, पहिल्या दहाही फेकींत छापाच आला. प्रमाण १०० टक्के, फरक १० चा. आता पुढे काय होईल? अकराव्या फेकीत नाणं बोटावरून सुटताना त्याला किती उसळी मिळते, ते किती गरगरतं, यावर निकाल ठरतो. आधीच्या दहा निकालांचा त्याच्याशी काही संबंध नाही. त्यामुळे पुढच्या ९९० फेकींत सरासरीने ४९५ छापे आणि ४९५ काटेच अपेक्षित धरायचे. काट्यांना एकही जादा नाही. मग हजार फेकींनंतरचा हिशोब काय? ५०५ छापे, ४९५ काटे. फरक होता तेवढाच, १० चा. पण प्रमाण ५०.५ टक्के. दहा हजारांपर्यंत जा: सरासरीने ५,००५ छापे, प्रमाण ५०.०५ टक्के. फरक अजूनही १० चाच.

सुरुवातीच्या त्या दहा छाप्यांची भरपाई कोणीही केली नाही, तरी प्रमाण निम्म्यावर आलं. मिठाचा खडा घागरीत टाकला की पाणी खारट लागतं, विहिरीत टाकला तर कळतही नाही. मीठ मात्र दोन्हीकडे तेवढंच असतं. प्रमाण स्थिरावतं ते छेद वाढत गेल्यामुळे. अंशातली तफावत कोणी दुरुस्त केली म्हणून नव्हे.

एवढ्यावरून फार तर असं म्हणता येईल की फरक आहे तेवढाच राहतो. मग तो वाढतो कसा? केरिचच्या नाण्याला सुरुवातीला लागोपाठ दहा छाप्यांचा धक्का मुळीच मिळालेला नव्हता. उलट शंभर फेकींनंतर काटेच पुढे होते.

यासाठी थोडं गणित करू. बेरीज, गुणाकार आणि वर्ग, एवढंच लागेल. छापा आला की एक पाऊल पुढे, काटा आला की एक पाऊल मागे, असं धरा. शून्यापासून आपण जिथे आहोत ते अंतर म्हणजे फरक. पुढे आणि मागे यांची शक्यता सारखी असल्यामुळे सरासरी स्थान शून्यच राहतं. पण आपल्याला दिशा नको आहे, अंतर हवं आहे. म्हणून फरकाचा वर्ग घेऊ, म्हणजे उणे चिन्हाचा प्रश्न मिटतो.

एका फेकीनंतर फरक १ किंवा उणे १. वर्ग दोन्ही वेळा १. दोन फेकींनंतर चार शक्यता: दोन छापे, फरक २; दोन काटे, फरक उणे २; आणि एक-एक, जे दोन प्रकारे होतं, फरक ०. वर्ग झाले ४, ४, ०, ०. सरासरी २.

आता कुठल्याही टप्प्यावर थांबा. समजा, या घडीला फरक ७ आहे. वर्ग ४९. पुढच्या फेकीत तो ८ होईल किंवा ६, दोन्हींची शक्यता सारखी. वर्ग होतील ६४ किंवा ३६. त्यांची सरासरी ५०. एकाने वाढली. सातऐवजी कुठलाही आकडा घेऊन पाहा, हेच होतं. पुढे टाकलेलं पाऊल वर्गात जेवढी भर घालतं, ती मागे टाकलेल्या पावलाने होणाऱ्या घटीपेक्षा नेहमी दोनाने जास्त असते, म्हणून सरासरी दर फेकीला बरोबर एकाने वर सरकते. शंभर फेकींनंतर फरकाच्या वर्गाची सरासरी १००, दहा हजारांनंतर १०,०००. वर्गमूळ काढलं की फरकाचा नेहमीचा आवाका मिळतो: शंभर फेकींना १०, दहा हजारांना १००.

केरिचचे आकडे होते १२ आणि १३४. दोन्ही या मापात चपखल बसतात. चोख नाणं, म्हणजे छापा आणि काटा यांची शक्यता अगदी सारखी असलेलं नाणं, घेऊन दहा हजार फेकींचे असे शंभर प्रयोग केले, तर साधारण अठरांत फरक १३४ किंवा त्याहून जास्त निघेल.

मला या जागी नेहमी थांबावंसं वाटतं, कारण दोन्ही गोष्टी आता एकाच वाक्यात येतात. फरक फेकींच्या वर्गमूळाच्या वेगाने वाढतो आणि त्याला भागायचं असतं खुद्द फेकींच्या संख्येने. शंभरला १० म्हणजे दहा टक्के. दहा हजारांना १०० म्हणजे एक टक्का. फेकी शंभरपट, फरक दहापट, आणि टक्केवारीतली तफावत दहाव्या हिश्शावर. म्हणजे फरक वाढतो तो फेकींच्या तुलनेत मंद गतीने, आणि प्रमाण स्थिरावायला तेवढं पुरतं. मोठ्या संख्यांचा नियम स्विस गणितज्ञ याकोब बर्नूली यांनी सिद्ध केला. त्यांच्या मृत्यूनंतर, १७१३ मध्ये, तो छापून आला. तो नियम प्रमाणाबद्दलच बोलतो. संख्येतला फरक मिटेल असं आश्वासन त्यात कुठेही नाही.

‘वाढतो’ हा शब्द मात्र जपून ऐका. फरक प्रत्येक फेकीला वाढत नाही, एखाद्या नाण्याच्या नोंदीत तो सतत वर-खाली होतो. केरिच हजाराव्या फेकीला पोहोचले तेव्हा ५०२ छापे होते, फरक फक्त ४. पाच हजाराव्या फेकीला तो ६६ झाला होता आणि सहा हजाराव्या फेकीला पुन्हा १८ वर उतरला. चोख नाणं फेकत राहिलात तर फरक पुन्हा पुन्हा शून्यावर येतोच, हेही सिद्ध झालेलं आहे. वाढतो तो आवाका, म्हणजे फरक ज्या पट्ट्यात हिंडतो त्याची रुंदी. ठरवलेल्या क्षणी बरोबरी सापडण्याची शक्यता घटत जाते. दहा फेकींत बरोबर पाच छापे येण्याची शक्यता सुमारे २५ टक्के, शंभरांत पन्नास येण्याची ८ टक्के, आणि दहा हजारांत नेमके पाच हजार येण्याची ०.८ टक्का. जितकं जास्त फेकाल तितकी तंतोतंत बरोबरी दुर्मीळ.

एका श्रोत्यांनी मधेच चांगला प्रश्न विचारला: ‘सर, फरक चोख नाण्याचाही वाढतो, तर मग खोटं नाणं ओळखायचं कसं?’

उत्तर त्या वाढीच्या वेगात आहे. चोख नाण्याचा फरक वर्गमूळाच्या गतीने वाढतो. एका बाजूकडे कललेल्या नाण्याचा फरक फेकींच्या संख्येबरोबरच वाढतो, फेकी दुप्पट झाल्या की फरकही दुप्पट. म्हणून आलेल्या फरकाला फेकींच्या वर्गमूळाने भागून पाहायचं. उत्तर एकाच्या आसपास असेल तर नाण्यावर आळ घेता येत नाही. तीनच्या वर गेलं तर नाणं तपासा. केरिचनी छावणीत एक लाकडी चकतीही फेकली होती, एका बाजूला शिसं लावलेली. हजार फेकींत लाकडी बाजू ६७९ वेळा वर आली. फरक ३५८, हजाराचं वर्गमूळ सुमारे ३२, भागाकार अकराच्या वर. तिथे संशयाला जागाच नाही.

कल अगदी बारीक असेल तर मात्र दहा हजार फेकीही अपुऱ्या पडतात. हवेत गरगरताना नाणं थोडं डुगडुगतं, त्यामुळे सुरुवातीला जी बाजू वर होती ती किंचित जास्त वेळ वर राहते. म्हणून सुमारे ५१ टक्के वेळा तीच बाजू पडेल, असा अंदाज २००७ मध्ये गणितज्ञ पर्सी डायकोनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडला होता. तो तपासायला २०२३ मध्ये जाहीर झालेल्या एका प्रयोगात ४८ जणांनी मिळून ३,५०,७५७ वेळा नाणी फेकली. सुरुवातीचीच बाजू सुमारे ५०.८ टक्के वेळा आली. एवढ्याशा कलाने दहा हजार फेकींत सरासरीने १६० चा फरक पडतो आणि निव्वळ योगायोगाचा आवाकाच १०० चा असतो, म्हणजे ठाम काही बोलता आलं नसतं. साडेतीन लाखांवर तोच फरक साडेपाच हजारांच्या पुढे जातो, आणि योगायोगाचा आवाका जेमतेम सहाशेच्या घरात राहतो.