पाठ केलेलं नको, मावशींचं बोलणं हवं

[दृश्य: वेंगुर्ल्याजवळचं कौलारू घर. सारवलेलं खळं. कडेला सोलर ड्रायर, आत जाळीच्या ट्रेमध्ये कोकमाची सालं.]

ह्या मावशी कित्येक वर्षं आमसुलं करून विकतायत. कोकम फोडायचं, बिया आणि गर वेगळा करायचा, साल वाळवायची, मीठ घातलेल्या कोकमाच्या रसात बुडवून पुट द्यायचं, परत वाळवायची, परत पुट. बाजूला दिसतोय तो ड्रायर जवळच्याच एका वर्कशॉपवाल्याने बनवलाय. त्याला कस्टमरचा व्हिडिओ हवा होता, दीड मिनिटाचा, म्हणून मी आणि माझा कॅमेरावाला मित्र इथे आलो.

पहिला तास वाया गेला आणि चूक माझी होती. मी आधीच आठ प्रश्न व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवले होते. मावशींच्या भाच्याने त्यांची उत्तरं लिहून दिली, आणि मावशींनी रात्री बसून ती पाठ केली.

[दृश्य: पहिला टेक. मावशी ताठ बसलेल्या, हात मांडीवर घट्ट.]

"सदर ड्रायरमुळे आमच्या उत्पादनात लक्षणीय वाढ झाली असून..."

बघा, 'लक्षणीय' आला की डोळे वर जातात. पाठांतराची आणखी एक पक्की खूण म्हणजे मधला एक शब्द विसरला की माणूस पहिल्यापासून सुरुवात करतो. ज्याला घडलेलं आठवतंय तो कुठूनही पुढे जातो, त्याला पहिलं वाक्य लागत नाही. मावशी तीनदा पहिल्यापासून गेल्या, मग मी म्हटलं राहूदे मावशी, आपण चहा घेऊया.

आता मी प्रश्न पाठवतच नाही, फोनवर फक्त विषय सांगतो, की ड्रायर घ्यायच्या आधी काय व्हायचं आणि नंतर काय झालं एवढंच बोलू. फोनवरच कुणी सगळी गोष्ट सांगायला लागलं तर थांबवतो, मावशी हे तिकडे आल्यावर सांगा, कारण पहिल्यांदा सांगताना जो आवाज लागतो तो दुसऱ्यांदा लागत नाही.

[दृश्य: पडवी. मित्र माइक लावतोय, वर्कशॉपवाला खळ्यातून बाहेर निघालाय.]

चहा झाल्यावर आम्ही खळ्यातून पडवीत आलो. उन्हात डोळे बारीक होतात आणि समुद्राचा वारा थेट माइकमध्ये शिरतो, म्हणून छोट्या माइकला केसाळ टोपी घातली आणि तो पदराला घासणार नाही असा लावला. कॅमेऱ्याच्या लाल दिव्यावर काळी टेप चिकटवली आणि माइक लावतानाच रेकॉर्डिंग चालू केलं, तेही मावशींना सांगूनच, की हे आता चालूच राहील, तुम्ही लक्ष देऊ नका. ॲक्शन वगैरे कुणी ओरडलं नाही. मी लेन्सच्या अगदी बाजूला पाटावर बसलो, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला, म्हणजे त्या माझ्याशी बोलतील, काचेशी नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वर्कशॉपवाल्याला बाहेर पाठवलं. तो समोर उभा असेल तर मावशी त्याला बरं वाटेल असंच बोलणार, आपल्याकडे कुणी तोंडावर वाईट सांगत नाही. त्याला थोडा राग आला, पण गेला तो नाक्यावर.

आता प्रश्न. 'ड्रायरचा फायदा झाला का' असं विचारलं की उत्तर येतं 'हो, झाला', आणि संपलं. प्रश्नातच उत्तर असलं की समोरच्याला नुसती मान हलवायची असते. म्हणून मत विचारायचं नाही, दिवस विचारायचा. आणि व्हिडिओत माझा आवाज नसणार, त्यामुळे उत्तर एकटंच ऐकलं तरी कळायला हवं, पण 'पूर्ण वाक्यात बोला' सांगितलं की माणूस शाळेत गेल्यासारखा बोलतो. त्यापेक्षा प्रश्नच असा टाकायचा की सुरुवातीपासून सांगावं लागेल. मी म्हटलं, मावशी, वळवाचा पाऊस आला आणि माल भिजला, त्या दिवसाचं सांगा ना.

[दृश्य: मावशी. हात आता मोकळे.]

"सकाळी कडकडीत ऊन होता. सालां खळ्यात पसरलेली, मी एकटीच घरात. दुपारी काळोख करून पाऊस इलो. अर्धी उचललंय, अर्धी भिजली. तिसऱ्या दिवशी बुरशी."

इथे त्या थांबल्या. मला पुढचा प्रश्न विचारायचा मोह झाला होता, पण मी फक्त मान हलवली आणि मनात पाच आकडे मोजले. पाच सेकंद तिथे बसल्यावर खूप मोठे वाटतात, पण ती शांतता समोरच्यालाच भरावीशी वाटते.

"तां सगळा मीच नेऊन माडाच्या मुळात ओतलंय."

हे वाक्य भाच्याच्या कागदावर नव्हतं आणि माझ्या आठ प्रश्नांतल्या कुठल्याच प्रश्नाने ते आलं नसतं.

पुढे त्या म्हणाल्या की आठ दिवसांचं वाळवण आता चार दिवसांत होतं. असा आकडा आला की मी नेहमी विचारतो, कसं कळलं? त्या उठल्या आणि स्वयंपाकघराच्या दारामागचं कॅलेंडर घेऊन आल्या.

[दृश्य, क्लोजअप: कॅलेंडरवर पेनाच्या खुणा. ट्रे भरला त्या दिवशी फुली, काढला त्या दिवशी गोल.]

आता आकड्याला पुरावा मिळाला आणि आम्हाला शॉटही मिळाला, जिथे बोलणं कापावं लागेल तिथे वर हे कॅलेंडर टाकता येतं.

मग दोन प्रश्न जे जाहिरातवाले सहसा टाळतात. घ्यायच्या आधी भीती कशाची वाटत होती? आणि अजून काय नीट होत नाही? मावशी लगेच म्हणाल्या, पैसे बुडतील असं वाटलेलं, आणि ढग दोन दिवस राहिले तर ह्यातसुद्धा वाळत नाही, ट्रे वरखाली करत बसावं लागतं. सोलर ड्रायर उन्हावर चालतो, त्यामुळे हे होणारच. वर्कशॉपवाल्याला ते वाक्य काढून टाकायचं होतं. मी त्याला सांगितलं, दादा, घेणारा बागायतदार कोकणातलाच आहे, जूनमध्ये आभाळ कसं असतं ते त्याला माहितीये, हे वाक्य काढलंस तर बाकीचंही त्याला खरं वाटणार नाही. शेवटी राहिलं ते.

एक चांगलं वाक्य मात्र कोंबड्याच्या आरवण्यात गेलं. 'परत तसंच बोला' म्हटलं की माणूस स्वतःचीच नक्कल करतो, म्हणून मी ऐकणारा बदलला. मावशी, हेच तुमच्या बहिणीला फोनवर कसं सांगाल? शब्द वेगळे आले, थोडे जास्तच मोकळे आले.

एकूण रेकॉर्डिंग अडतीस मिनिटांचं झालं, त्यातून दीड मिनिट काढायचं. 'म्हणजे', 'काय सांगू', मधला श्वास हे सगळं मी ठेवतो, नाहीतर परत कागद वाचल्यासारखं होतं. एका प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या प्रश्नाला जोडायचं नाही, मावशी जे बोलल्या नाहीत ते त्यांच्या तोंडी येता कामा नये. 2022 पासून केंद्राच्या जाहिरातींच्या नियमावलीतही आहे की शिफारस करणाऱ्याचं मत खरं असायला हवं, आणि विकणाऱ्याशी काही देणंघेणं असेल तर ते उघड सांगायला हवं. मावशींना शेवटच्या हप्त्यात सूट मिळाली होती, ते आम्ही स्क्रीनवर लिहिलं.

[दृश्य: संध्याकाळ, पडवी. मावशी मोबाइल हातात धरून बघतायत.]

व्हिडिओ बाहेर जायच्या आधी त्यांना दाखवला. दोनदा बघितला त्यांनी.

"ह्यां मीच बोलतंय मा?"

मग म्हणाल्या, सगळं राहूदे, फक्त ड्रायर कितीला घेतला ते काढ, पावणे विचारत बसतील. ते आम्ही तिथेच, पडवीत बसून काढलं.