बोललेलं पुस्तक कागदावर उतरताना

श्रोतेहो, नमस्कार.

भिंतीवरच्या घड्याळांच्या दुरुस्तीवर मी एक पुस्तक लिहिलं. खरं तर बोललो. हातात लेखणी घेतली की माझी वाक्यं अवघडतात, पण समोर कुणी बसलंय असं समजून सांगायला लागलो की सगळं ओघानं येतं. म्हणून रोज वीस मिनिटं फोनच्या रेकॉर्डरवर बोलायचं ठरवलं. फोन तोंडापासून वीतभर अंतरावर आणि जरा बाजूला ठेवायचो, म्हणजे श्वासाचा फटका माइकवर बसत नाही. पंखा बंद. सुरुवातीला तारीख, प्रकरण आणि विषय मोठ्यानं सांगायचा. एखादं वाक्य चुकलं तर अर्ध्यातून जोडायचं नाही. एक टाळी वाजवायची आणि वाक्य पहिल्यापासून पुन्हा म्हणायचं. रेकॉर्डिंगच्या आलेखावर टाळीची उंच रेघ लगेच दिसते, त्यामुळे टाकाऊ भाग शोधत बसावं लागत नाही.

हे सोपं होतं. अवघड काम पुढे होतं. आवाजावरून मजकूर करून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून पानं आली, ती वाचायला चक्क बरी वाटली. तिथंच मी फसलो. वाक्यं नीटनेटकी करू लागलो, पाल्हाळ छाटला, परिच्छेद पाडले आणि दोन प्रकरणं झाल्यावर सहज मूळ रेकॉर्डिंग ऐकलं. मी बोललो होतो, ‘चाकांच्या दातांना तेल घालू नये.’ कागदावर होतं, ‘चाकांच्या दातांना तेल घालून ये.’ एक अक्षर इकडचं तिकडे जोडलं गेलं आणि निषेधाची आज्ञा झाली. दातांना तेल लावलं की त्यावर धूळ बसते, तिचा लगदा होतो आणि दात झिजतात. वाचकानं ते मनावर घेतलं असतं तर त्याच्या घड्याळाचं नुकसान माझ्या नावावर जमा झालं असतं. शुद्धलेखन तपासणारं साधन इथं गप्प राहतं, कारण ‘घालून’ही बरोबर आणि ‘ये’ही बरोबर.

तेव्हापासून माझा क्रम ठरला. पहिल्या फेरीत भाषेला हात लावायचा नाही. कानाला हेडफोन, गती थोडी कमी आणि नजर मजकुरावर. जे बोललो तेच उतरलंय का, एवढंच बघायचं. नकार, आकडे आणि सुट्या भागांची नावं या तीन जागी थांबून थांबून ऐकायचं. ‘दीड’ की ‘दीडशे’, हे आवाजच सांगतो. मी बराच वेळ गप्प राहिलो असेन, तर त्या जागी सॉफ्टवेअर कधी कधी न बोललेलं वाक्य स्वतःच घालतं किंवा आधीचंच वाक्य पुन्हा पुन्हा लिहितं, तेही याच फेरीत सापडतं. ऐकू येत नसेल तिथं अंदाज करायचा नाही. मिनिट आणि सेकंद लिहून जागा मोकळी सोडायची. हे काम त्याच आठवड्यात करावं, कारण काय म्हणायचं होतं ते तोवर आठवणीत असतं. आणि सॉफ्टवेअरनं दिलेली मूळ प्रत वेगळी जपून ठेवायची, दुरुस्ती तिच्या नकलेवर करायची.

त्यानंतर दुसरी फेरी, आणि हीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बोलताना आपले हातही बोलत असतात, पण ते रेकॉर्डिंगमध्ये येत नाहीत. स्प्रिंगचा ताण उतरवण्याबद्दल मी म्हटलं होतं, ‘तर काय करायचं, चावी अशी धरायची, हा खटका असा बाजूला घ्यायचा आणि मग सोडायची, म्हणजे, एकदम नाही हं, हळूहळू.’ शब्द शंभर टक्के अचूक उतरले होते, तरी वाचकाच्या हाती काहीच लागत नव्हतं. चुकून चावी सुटली तर स्प्रिंग झटक्यानं उलगडते आणि बोटं सोलली जातात. म्हणून प्रत्येक ‘असा’, ‘इथं’, ‘हा’ शोधून त्याच्याखाली रेघ मारली आणि घड्याळ समोर ठेवून, स्वतःच्या हाताकडे बघत लिहिलं: ‘चावी किल्ली देण्याच्या दिशेनं किंचित फिरवावी, म्हणजे खटका मोकळा होतो. खटका बोटानं बाजूला धरून ठेवावा. चावी मुठीत घट्ट धरून, एका वेळी अर्धा फेरा, अशी उलट फिरू द्यावी, एकदम नाही हं.’

‘म्हणजे’, ‘तर’, ‘काय होतं की’ हे सगळं याच वेळी काढायचं, पण ‘एकदम नाही हं’ मी राहू दिलं. तिथं धोका आहे आणि सांगणाऱ्याचा आवाज वाचकाला तिथंच हवा असतो. ‘केलं’ लिहायचं की ‘केले’, हे मात्र पहिल्या प्रकरणालाच ठरवून टाकावं. मी ‘केलं’ ठेवलं.

अशा दोन्ही फेऱ्या झाल्यावर वीस मिनिटांच्या बोलण्याला माझे तीन तास लागायचे. मग छापलेली पानं घेऊन, रेकॉर्डिंग न लावता, एका शिकाऊ मुलाला घड्याळासमोर बसवलं आणि त्याला म्हटलं, ‘मी काही बोलणार नाही, यात लिहिलंय तसं कर.’ तो जिथं मान वर करून माझ्याकडे बघायचा, तिथं मी पानावर खूण करत गेलो.