सोनोग्राफीच्या रिपोर्टवरून आठवडे आणि दिवस कसे मोजायचे

नमस्कार मंडळी. ओपीडीत मला रोज एक प्रश्न येतोच, "मॅडम, आज कितवा आठवडा चालू आहे?" आणि प्रश्न विचारणाऱ्या ताईच्या हातात तीन रिपोर्ट असतात, तिन्हीवर डिलिव्हरीची तारीख वेगळी. मग सासूबाई म्हणतात मशीनच बिघडलंय. तसं नसतं हो. त्यातली कुठली तारीख धरायची आणि तिच्यावरून आजचा आठवडा कसा काढायचा, तेवढंच आज बोलू, जवळ कागद पेन असेल तर घेऊन बसा.

एका ताईंची गोष्ट सांगते, नाव नको. शेवटची पाळी आली १ जानेवारी २०२५ ला, तारीख पक्की लक्षात, कारण नवीन वर्षाचा पहिला दिवस. त्या तारखेत २८० दिवस मिळवले की ८ ऑक्टोबर येतं, आणि तीच तारीख त्यांच्या कार्डावर लिहिलेली होती. आपल्याकडे नऊ महिने नऊ दिवस म्हणतात ना, डॉक्टरांचा हिशोब नऊ महिने सात दिवस, म्हणजे फार लांब नाही. पण हा हिशोब धरून चालतो की पाळी २८ दिवसांनी येते आणि बीज चौदाव्या दिवसाच्या आसपास सुटतं. या ताईंची पाळी कधी ३५ दिवसांनी तर कधी ४५ दिवसांनी यायची, म्हणजे बीज उशिरा सुटणार, गर्भ उशिरा राहणार आणि पाळीवरून काढलेला आठवडा खऱ्यापेक्षा पुढे पळणार.

७ एप्रिलला त्यांची पहिली सोनोग्राफी झाली. पहिल्या तीन महिन्यांत आम्ही बाळाची लांबी मोजतो, डोक्याच्या टोकापासून बुडापर्यंत, पाय धरायचे नाहीत. रिपोर्टवर याला सीआरएल म्हणतात. १९७३ साली ग्लासगोच्या रॉबिन्सन नावाच्या डॉक्टरांनी दाखवून दिलं की या लांबीवरून गर्भाचं वय सांगता येतं, कारण सुरुवातीच्या आठवड्यांत सगळी बाळं जवळपास एकाच वेगाने वाढतात, आई उंच असो की बुटकी. या ताईंच्या बाळाची लांबी भरली ५२ मिलिमीटर. रॉबिन्सन यांच्या सूत्रात ती घातली की साधारण ८३ दिवस येतात. ८३ भागिले ७, अकरा साते सत्त्याहत्तर, उरले सहा, म्हणजे ११ आठवडे ६ दिवस.

इथे एक घोळ नेहमी होतो. कोणी हे ११.६ आठवडे असं लिहितं आणि पुढचा माणूस ते दशांश समजून वाचतो. दशांशातले ११.६ म्हणजे ११ आठवडे आणि जेमतेम ४ दिवस. म्हणून आठवडे वेगळे, दिवस वेगळे लिहा, आणि दिवसाचा आकडा सहाच्या वर कधीच जात नाही, सात झाले की आठवडा एकने वाढतो.

आता पाळीवरून ७ एप्रिलला किती होत होते? १ जानेवारीपासून ९६ दिवस, म्हणजे १३ आठवडे ५ दिवस. सोनोग्राफी म्हणते ११ आठवडे ६ दिवस. फरक १३ दिवसांचा. नववा आठवडा पूर्ण झाल्यापासून पुढच्या पाच आठवड्यांत फरक सात दिवसांपर्यंत असेल तर पाळीची तारीखच ठेवतात, कारण मोजमापातही तेवढी चूक होऊ शकते. बाळ मान खाली घालून आवळून बसलेलं असेल तर लांबी कमी येते, मान मागे ताणलेली असेल तर जास्त. पण सातच्या वर गेलं की सोनोग्राफीची तारीख धरायची. त्याहून लहान गर्भ असेल तर ही सूट पाचच दिवसांची. इथे तेरा दिवस, म्हणजे प्रश्नच नव्हता, तारीख बदलली. २८० वजा ८३, राहिले १९७ दिवस, ते ७ एप्रिलपासून पुढे मोजले की २१ ऑक्टोबर, ऐन दिवाळीत.

आणि एकदा बदललेली तारीख परत बदलायची नाही, मंडळी, कारण खरा गोंधळ इथेच होतो.

१ ऑगस्टला या ताई पुन्हा सोनोग्राफीला गेल्या, दुसऱ्या गावात, माहेरी, आणि तिथे जुनं कार्ड दाखवलं, ८ ऑक्टोबरवालं. मशीनने डोकं, पोट, मांडीचं हाड मोजून सरासरी दिली २७ आठवडे ५ दिवस. पाळीवरून ३० आठवडे २ दिवस होत होते, म्हणजे बाळ अठरा दिवसांनी मागे! घरात रडारड. शिवाय रिपोर्टवर आणखी एक नवी डिलिव्हरीची तारीख छापलेली, २६ ऑक्टोबर.

माझ्याकडे आल्यावर मी फक्त पहिला रिपोर्ट मागितला. ७ एप्रिल ते १ ऑगस्ट किती दिवस? एप्रिलचे २३, मेचे ३१, जूनचे ३०, जुलैचे ३१ आणि ऑगस्टचा एक, झाले ११६. त्यात एप्रिलचे ८३ मिळवा, १९९. सात अठ्ठावीस एकशे शहाण्णव, वर तीन. १ ऑगस्टला गर्भाचं वय २८ आठवडे ३ दिवस. कुठल्याही तारखेला वय असंच काढायचं, पहिल्या सोनोग्राफीचे दिवस अधिक मधले दिवस, भागिले सात. महिन्याचे चार आठवडे धरून मोजाल तर नक्की चुकाल.

मग बाळ मागे होतं फक्त पाच दिवस, आणि सातव्या महिन्यात एवढा फरक काहीच नाही, कारण तोवर एकीचं बाळ गुटगुटीत तर दुसरीचं चणीने लहान. उशिराच्या सोनोग्राफीवर छापलेला आठवडा हे बाळाचं माप असतं, वय नव्हे. सहावीतला मुलगा अंगाने चौथीतला दिसला म्हणून आपण त्याचा जन्मदाखला बदलत नाही. आणि बाळ खरंच खुरटत असेल तर? नवी तारीख लावून त्याला "लहान वयाचं" ठरवलं की तो खुरटेपणा कागदावर दिसेनासाच होतो. मला भीती त्याची वाटते.

जाता जाता एक, नवऱ्या मंडळींसाठी. ही मोजणी पाळीपासून होते, म्हणजे पहिले दोन आठवडे पोटात गर्भ नसतोच. लग्नाला महिना झाला आणि रिपोर्टवर सहा आठवडे आले म्हणून बायकोकडे संशयाने बघणारे मी पाहिलेत. तो हिशोब अगदी बरोबर असतो, बाबांनो.

ज्यांनी पहिली सोनोग्राफीच सहाव्या सातव्या महिन्यात केली त्यांची तारीख पुढेमागे दोन तीन आठवड्यांची राहते, नंतर कितीही सोनोग्राफ्या केल्या तरी ती सुधारत नाही.

त्या ताई १६ ऑक्टोबरला पहाटे बाळंत झाल्या, आपसूक कळा येऊन. आमच्या हिशोबाने ३९ आठवडे २ दिवस. जुन्या कार्डावर गेलो असतो तर त्या दिवशी ४१ आठवडे १ दिवस झाले असते, आणि आदल्या दिवसापासूनच कोणीतरी कळांचं सलाईन लावायची तयारी केली असती.