‘बरोबरी’ म्हणजे किती सोपी?

श्रोतेहो, नमस्कार. बुद्धिबळाच्या पटावर दोन्ही राजे धरून सात किंवा त्याहून कमी मोहरे उरले, की त्या स्थितीचा निकाल आज कोणालाही काही क्षणांत कळू शकतो. टेबलबेस नावाच्या साठ्यांमध्ये अशा प्रत्येक स्थितीचे उत्तर मोजून ठेवलेले असते. हे काम उलट दिशेने केले जाते. आधी मात झालेल्या सगळ्या स्थिती घ्यायच्या, त्यांच्या एक चाल अलीकडच्या स्थिती शोधायच्या, मग त्यांच्याही अलीकडच्या, आणि असे मागे मागे जात प्रत्येक स्थितीवर जिंकणे, हरणे किंवा बरोबरी यांपैकी एक शिक्का मारायचा. सात मोहऱ्यांचा पहिला संपूर्ण साठा मॉस्को विद्यापीठातील लोमोनोसोव्ह संगणकावर 2012 मध्ये तयार झाला. त्यामुळे या शिक्क्याबद्दल वाद उरलेला नाही, तो सिद्ध झालेला आहे. आज मला बोलायचे आहे ते खेळाडू या शिक्क्याचा जो अर्थ लावतो त्याबद्दल, कारण तिथे गफलत होते आणि ती मी स्वतःही अनेक वर्षे करत आलो.

‘बरोबरी’ या शिक्क्याचा अर्थ एवढाच, की दोन्ही बाजूंनी एकही चूक केली नाही तर डाव अनिर्णित राहील. चूक न करणे किती अवघड आहे, हे तो सांगत नाही. एक अगदी लहान उदाहरण डोळ्यांसमोर आणा. पांढरा राजा ई-5 वर, त्याचे प्यादे ई-6 वर, काळा राजा ई-7 वर, आणि चाल काळ्याची. काळ्या राजाला जायला तीनच घरे आहेत: डी-8, ई-8 आणि एफ-8. टेबलबेस म्हणतो, बरोबरी. पण ही बरोबरी तीनपैकी एकाच घरात आहे. राजा सरळ मागे ई-8 वर गेला तर पांढरा डी-6 वर येतो, काळा डी-8 वर जाऊन त्याच्यासमोर उभा राहतो, प्यादे ई-7 वर येऊन शह देते, राजा ई-8 वर परततो, आणि प्यादे राखायला पांढरा ई-6 वर आला की काळ्याला हलायला जागाच उरत नाही. शह नाही आणि चालही नाही, म्हणून डाव बरोबरीत सुटतो. आता सुरुवातीलाच राजा डी-8 वर गेला तर काय होते ते पाहा. पांढरा डी-6 वर येतो, काळ्याला ई-8 वर जावे लागते, प्यादे शह न देता ई-7 वर सरकते, आणि काळ्याला एफ-7 वर जाऊन वाट मोकळी करून द्यावी लागते. मग पांढरा डी-7 वर येतो आणि प्याद्याचा वजीर होतो. एफ-8 ची गतही तशीच, फक्त आरशातली.

तीन चालींपैकी दोन हरवणाऱ्या असलेली ही स्थिती आणि काळ्याला कुठेही हलले तरी चालेल अशी एखादी निवांत स्थिती, या दोहोंवर शिक्का एकच असतो. जिंकण्या-हरण्याच्या स्थितींमध्ये टेबलबेस निदान अंतर तरी देतो, म्हणजे किती चालींत काय होईल ते सांगतो. बरोबरीला मात्र अंतरच नसते. सगळ्या बरोबऱ्या त्याच्या लेखी सारख्याच असतात, आणि नेमका हाच फरक पटावर बसलेल्या माणसाला स्वतः शोधून काढावा लागतो.

याची सर्वांत उपयोगी जागा म्हणजे हत्ती आणि प्यादे विरुद्ध एकटा हत्ती. खऱ्या डावांत हा शेवट सतत येतो. अठराव्या शतकातील फ्रेंच खेळाडू फिलिडोर याच्या नावाने ओळखली जाणारी बचावाची मांडणी घेऊ. पांढरा राजा डी-5 वर, प्यादे ई-5 वर, पांढरा हत्ती एच-7 वर. काळा राजा प्याद्याच्या वाटेत ई-8 वर आणि काळा हत्ती ए-6 वर. चाल काळ्याची आहे.

काळ्यासमोर दोन रस्ते आहेत आणि टेबलबेसच्या मते दोन्हींचा निकाल बरोबरी आहे. पहिल्या रस्त्यावर हत्ती सहाव्या पट्टीवरच राहतो आणि ए-6 व बी-6 यांच्यामध्ये ये-जा करतो. काळा हत्ती ती पट्टी राखून असल्याने पांढऱ्या राजाला सहाव्या पट्टीवर पाऊल ठेवता येत नाही. त्याला आडोसा हवा असेल तर प्यादे ई-6 वर ढकलावे लागते. ते ढकलले, की त्याच क्षणी काळ्याने हत्ती थेट पहिल्या पट्टीवर, म्हणजे ए-1 किंवा बी-1 वर न्यायचा. पांढरा राजा डी-6 वर येऊन एच-8 वरच्या मातेची धमकी देतो, पण काळा डी-1 वरून शह देतो. राजा ई-5 वर गेला तर ई-1 वरून, एफ-6 वर गेला तर एफ-1 वरून. ज्या प्याद्याआड राजाला लपता आले असते ते आता पुढे निघून गेलेले असते, म्हणून मागून येणाऱ्या शहांपासून त्याला आसरा नसतो. काळ्याने लक्षात ठेवायचे ते दोन वाक्यांत मावते: प्यादे पुढे जाईपर्यंत पट्टी सोडायची नाही, आणि पुढे गेले की हत्ती मागे न्यायचा.

दुसऱ्या रस्त्यावर काळा आत्ताच हत्ती ए-1 वर नेतो. पांढरा राजा लगेच डी-6 वर येतो. काळा हत्ती ई-1 वर जाऊन प्याद्याच्या मागे उभा राहतो, पांढरा राजा ई-6 वर जातो, आणि एच-8 वर मात उभी राहते. आता काळ्या राजाला एफ-8 आणि डी-8 अशी दोनच घरे आहेत. एफ-8 ला बरोबरी आहे, डी-8 ला हार. कारण असे, की ई पट्टीच्या एका बाजूला तीन उभ्या पट्ट्या आहेत आणि दुसऱ्या बाजूला चार. राजाने तीनच्या, म्हणजे आखूड बाजूला जायचे, म्हणजे चारची लांब बाजू हत्तीला दुरून शह द्यायला मोकळी राहते. राजा डी-8 वर गेला तर तो स्वतःच्याच हत्तीच्या जागेत जाऊन बसतो, आणि उरलेल्या आखूड बाजूने शह द्यायला हत्तीला पुरेसे अंतर मिळत नाही. एफ-8 वर गेल्यावरही काम संपलेले नसते. पांढरा हत्ती एच-8 वरून शह देतो, राजा जी-7 वर जातो, पांढरा हत्ती ई-8 वर येऊन प्याद्याला पुढून आधार देतो, आणि आता काळ्या हत्तीला ए पट्टीवर जाऊन बाजूने शह सुरू करावे लागतात. हे सगळे जमते, पण नीट पाठ असेल किंवा घड्याळात भरपूर वेळ असेल तरच.

निकाल एकच असताना निवड कशावरून करायची, याचे उत्तर मला इथे सापडले. आपल्या चालीनंतर प्रतिस्पर्धी ज्या ज्या खेळी करू शकतो, त्यांना उत्तर देताना आपल्याकडे किती सुरक्षित चाली उरतात ते मोजायचे. पहिल्या रस्त्यावर ती संख्या दोन-तीनच्या खाली क्वचितच जाते आणि जेव्हा जाते तेव्हा करायची चाल आधीच ठाऊक असते. दुसऱ्या रस्त्यावर ती पुन्हा पुन्हा एकवर येते. घरी अभ्यास करताना टेबलबेसकडे हाच प्रश्न घेऊन जावे असे मला वाटते. पडद्यावर प्रत्येक चालीसमोर तिचा निकाल दिसतोच. फक्त बरोबरीचे शिक्के किती आहेत ते मोजत पुढे जायचे, आणि जिथे एकच उरतो तिथे थांबून त्यामागचे कारण शोधायचे.

पांढऱ्या बाजूने हाच हिशेब उलटा करायचा. त्याच्याही पुढच्या बहुतेक चाली ‘बरोबरी’च्याच असतात, म्हणून त्याला निकालाची भीती बाळगायचे कारण नसते, कोणता प्रश्न विचारावा एवढेच ठरवायचे असते. प्यादे घाईने ई-6 वर ढकलणे हा वाईट प्रश्न आहे, कारण त्याचे उत्तर काळ्याला पाठ असते. आधी हत्ती इकडून तिकडे फिरवून, काळा कंटाळून सहावी पट्टी सोडतो का, हे पाहणे अधिक शहाणपणाचे. यात तो हरण्याचा धोका पत्करत नाही.

जिंकणाऱ्या बाजूला टेबलबेस एक वेगळाच चकवा देतो. सध्या सर्वाधिक वापरात असलेला सिझिजी हा साठा, जो रोनाल्ड द मान यांनी तयार केला, मातेपर्यंतचे अंतर मोजत नाही. पुढचे मोहरे मारले जाईपर्यंत किंवा पुढचे प्यादे हलेपर्यंतचे अंतर तो मोजतो. या मोजणीला कारण आहे, कारण पन्नास चालींच्या नियमानुसार तेवढ्या चालींत यांपैकी काहीच घडले नाही तर बरोबरी मागता येते. पण त्यामुळे त्याची ‘सर्वोत्तम’ चाल कधी कधी फुकट मोहरे देऊन मोजणी लवकर शून्यावर आणणारी असते. ती खरोखरच जिंकते, पण माणसाने तिचे अनुकरण करायची गरज नाही. वजीर विरुद्ध हत्ती या शेवटात जाणकाराला एक स्थिती ठाऊक असते: पांढरा राजा सी-6, वजीर ए-5, काळा राजा बी-8, हत्ती बी-7. इथे चाल काळ्याची असेल तर त्याला हत्ती राजापासून दूर न्यावा लागतो आणि तो दोन मार्गी शहात सापडतो. चाल पांढऱ्याची असेल तर ई-5 वरून शह, मग ए-1 वरून शह आणि पुन्हा ए-5 अशी तीन चालींची फेरी मारून तीच स्थिती काळ्याच्या चालीसह आणता येते. या स्थितीकडे नेणारी चाल पाच चालींनी लांबची असली तरी मी तीच निवडीन.

हरणाऱ्या बाजूने काय करावे, याचे उत्तरही याच शेवटाने दिले. 1970 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील ग्रँडमास्टर वॉल्टर ब्राउन यांनी वजीर घेऊन केन टॉम्प्सन यांच्या यंत्राविरुद्ध पैज लावली. यंत्राकडे हत्ती होता आणि या शेवटाचा संपूर्ण साठाही. ती स्थिती 31 चालींत जिंकता येणारी होती, तरीही पन्नास चालींत ब्राउन यांना ती जिंकता आली नाही. पुस्तके हत्ती राजाजवळ ठेवायला सांगत, यंत्र मात्र तो दूर नेत होते आणि त्या स्थिती ब्राउन यांच्या ओळखीच्या नव्हत्या. दोन आठवडे अभ्यास करून ते परत आले आणि या वेळी बरोबर पन्नासाव्या चालीला त्यांनी हत्ती टिपला.

यंत्राने सर्वांत लांब टिकणारी चाल निवडली होती आणि योगायोगाने तीच माणसाला अवघडही गेली. पण ही दोन मापे नेहमी जुळत नाहीत. हत्तीच्या बाजूला बसलेल्या खेळाडूने म्हणून आकड्यातील दोन-तीन चालींच्या फरकाकडे फारसे लक्ष देऊ नये. समोरच्याला त्या तीन चालींच्या फेरीची स्थिती माहीत आहे असे दिसत असेल तर हत्ती राजापासून दूर न्यावा, आणि तसे दिसत नसेल तर तो राजाजवळच ठेवून त्याला ती फेरी स्वतःहून शोधायला लावावे.